फ्रिक्वेंट फ्लायर नंबर: आई-बाबांचे माइल्स कुठे अडकले?

नेहा_नेपरव्हिल

आई-बाबा यंदा पुण्याहून आमच्याकडे आले. तिकीट एका ट्रॅव्हल वेबसाइटवरून काढलं होतं. मुंबई ते युरोप एका कंपनीचं विमान, तिथून शिकागोपर्यंत तिच्याच भागीदार कंपनीचं, पण तिकीट एकच. दोघांची युनायटेड एअरलाइन्सच्या मायलेजप्लस या फ्रिक्वेंट फ्लायर योजनेत खाती आहेत, बुकिंग करतानाच दोघांचे नंबर टाकले होते. आता बाबांच्या खात्यात फक्त पहिल्या टप्प्याचे माइल्स दिसताहेत. आईच्या खात्यात शून्य. दोघं शेजारी शेजारी बसून आले, तिकीट एकाच वेळी काढलं, मग हा दुजाभाव का?

ट्रॅव्हल वेबसाइटवाले म्हणतात एअरलाइनला विचारा. एअरलाइन म्हणते मायलेजप्लसला विचारा. राहिलेले माइल्स मिळवायचे कसे, हा मुख्य प्रश्न. दुसरा असा की वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या ज्येष्ठांसाठी या नंबरांचा काही उपयोग असतो का? बाबांना लाउंज बघायचंय आणि आईला एक जादा बॅग हवी आहे. तिची प्राथमिकता गोडा मसाला आहे हे सांगायला नकोच.

खडूस_काका

उपयोग शून्य. चार वर्षं माइल्स साठवायचे आणि शेवटी त्यात एक टोस्टर येतो. त्यापेक्षा स्वस्त तिकीट बघा आणि गप प्रवास करा.

वैमानिक_नसलेला

@खडूस_काका, तुमचा टोस्टर निदान चालतो का?

नेहा, एक सोपा उपाय. सतत उडून तुझी स्वतःची गोल्डची पायरी झाली असेल तर पुढच्या वेळी तुझाच नंबर आईच्या तिकिटावर टाक. माइल्सही तुझ्याकडे येतील आणि तिला जादा बॅगही मिळेल. माझ्या मित्राने केलंय असं.

तिकीटखिडकी

मित्राने केलं असेल, पण चाललं असेल असं वाटत नाही. नंबर हा माणसाचा असतो, बुकिंगचा नाही. आईच्या नावाच्या तिकिटावर मुलीचा नंबर टाकला तर ज्या कंपनीचा प्रोग्रॅम आहे तिची वेबसाइट बहुतेक वेळा तिथल्या तिथेच नाकारते. भागीदार कंपनीच्या बुकिंगमध्ये कधी कधी तो बसतोसुद्धा, कारण त्या वेळी नाव कोणी पडताळत नाही. पण पुढे माइल्स जमा करताना नाव जुळवलं जातं आणि तिथे सगळं अडतं.

नेहा, तुमच्या आईच्या बाबतीत नेमकं हेच झालं असावं असा माझा अंदाज. म्हणजे तुमचा नंबर टाकला असं नव्हे, पण नावाचा घोळ. तिकिटावर नाव कसं छापलंय आणि मायलेजप्लसच्या खात्यात कसं आहे ते अक्षरन् अक्षर सांगा. आडनाव बदलून टाका, इथे खरं नाव नको. बाबांचं प्रकरण वेगळं आहे, त्यावर सावकाश लिहितो. त्यांच्या दुसऱ्या फ्लाइटचा बोर्डिंग पास आहे का?

नेहा_नेपरव्हिल

आहे ना. बाबा बोर्डिंग पास टाकतच नाहीत, डायरीत तारखेनुसार लावून ठेवतात. आत्ता समोर घेऊन बसलेय. पहिल्या पासवर त्यांच्या नावाखाली मायलेजप्लसचा नंबर स्पष्ट छापलाय. दुसऱ्या पासवर त्या जागी काहीच नाही, कोरं.

आईच्या दोन्ही पासांवर नंबर आहे! म्हणूनच तर मला कळत नाहीये. तिचं खातं भावाने खूप पूर्वी उघडलं होतं, जुन्या पासपोर्टवरून. त्यात नाव नुसतं सुनंदा आणि आडनाव. नव्या पासपोर्टवर गिव्हन नेम "सुनंदा वसंत" असं आलंय. तिकिटावर छापलंय ते असं (आडनाव बदललंय):

```
DESHPANDE/SUNANDAVASANTMRS
```

मुग्धा_मालाड

अगदी हाच त्रास!! माझं तर खातं माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. आणि तो शेवटचा MRS नावालाच चिकटतो, जणू तो माझ्या नावाचाच भाग. एकदा काउंटरवरच्या मुलीने मला "मुग्धामिसेस" अशी हाक मारली होती.

तिकीटखिडकी

तो चिकटण्याचा प्रकार निरुपद्रवी आहे. तिकीट काढण्याच्या जुन्या यंत्रणांत पहिलं नाव, मधलं नाव आणि मिस्टर-मिसेस हे सगळं तिरक्या रेघेपुढे एका दमात छापलं जातं. तेवढ्यावरून कोणाचा प्रवास अडत नाही. पण माइल्स जमा करणाऱ्या संगणकापुढे एका बाजूला SUNANDA येतं आणि दुसऱ्या बाजूला SUNANDAVASANT. काही प्रोग्रॅम पहिली काही अक्षरं जुळली की सोडून देतात, काही पूर्ण नाव मागतात. त्यामुळे एकाच नावाची बाई एका प्रोग्रॅममध्ये पास होते आणि दुसऱ्यात नापास.

हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे, कारण आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेममध्ये जाऊन बसतं. उपाय एकच: आधी खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. त्यासाठी पासपोर्टच्या पानाची प्रत मागतात. नाव बदलल्यानंतरच राहिलेल्या माइल्सचा क्लेम टाका. उलट क्रमाने गेलात तर क्लेम पुन्हा नाव जुळत नाही म्हणून परत येईल.

आता बाबा. कोरा बोर्डिंग पास म्हणजे त्यांचा नंबर दुसऱ्या कंपनीपर्यंत पोचलाच नाही. तिकीट एक असलं तरी विमान चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे त्या प्रवासाची स्वतःची नोंद असते, आणि तिचा सहा अक्षरी PNR बहुधा वेगळा असतो. ट्रॅव्हल वेबसाइटवर टाकलेला नंबर पहिल्या कंपनीच्या नोंदीत गेला, दुसरीकडे सरकला नाही. हे सर्रास होतं. आईचा सरकला आणि बाबांचा नाही, असंही होतं. त्याचं कारण मी इथे बसून सांगू शकत नाही.

म्हणून सवय अशी ठेवायची: तिकीट निघालं की पहिल्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन दुसऱ्या कंपनीचा PNR शोधायचा. सापडला नाही तर फोन करून विचारायचा. मग दुसऱ्या कंपनीच्या साइटवर त्या PNR ने बुकिंग उघडायचं आणि नंबर दिसतोय का ते बघायचं. नसेल तर तिथेच टाकायचा. चेक-इन होईपर्यंत हे घरबसल्या होतं. चेक-इन झाल्यावर मात्र काउंटरवर किंवा गेटवर सांगून बोर्डिंग पास पुन्हा छापून घ्यावा लागतो. एजंटच्या पडद्यावर त्या ओळीला FQTV म्हणतात. "एफक्यूटीव्ही टाकलाय का बघा" असं म्हटलंत तर समोरचा माणूस जरा सरळ होऊन बसतो.

पणजीकार

देव बरें करूं. पण हे सगळं कशाला करायचं? मी एका बँकेचं कार्ड दाखवतो आणि दाबोळीच्या लाउंजमध्ये जाऊन बसतो. इडली, उपमा, कॉफी. त्याला कसला नंबर लागत नाही आणि नावही जुळवत नाहीत.

वैमानिक_नसलेला

ते कार्डाचं लाउंज झालं हो. इथे चाललंय विमान कंपनीच्या लाउंजबद्दल.

पणजीकार

इडली तीच असते ना?

अनु_दुबई

इडली तीच असेल, बॅग तीच नसते. कार्डाने लाउंज मिळेल पण बॅगेचे किलो वाढत नाहीत, ते फक्त कंपनीच्या टिअरने, म्हणजे सिल्व्हर-गोल्ड अशा पायरीने वाढतात. आमच्याकडे दुबईत राहणाऱ्यांचा सगळा जीव त्या किलोंत अडकलेला असतो. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्समध्ये सिल्व्हर झालात की वजनावर चालणाऱ्या मार्गांवर १२ किलो जास्त, गोल्डला १६, प्लॅटिनमला २०. सिल्व्हरला २५ हजार टिअर माइल्स किंवा २५ फ्लाइट्स लागतात, गोल्डला ५० हजार किंवा ५०. मुंबई-दुबई अशी ये-जा करणाऱ्यांना माइल्सपेक्षा फ्लाइट्सच्या संख्येवर सिल्व्हर लवकर मिळतं.

आणखी एक, एमिरेट्समध्ये घरच्यांचं एकत्र खातं करता येतं, आठ जणांपर्यंत. सासूबाईंचे माइल्स माझ्याकडे जमा होतात, त्यांची तक्रार नसते कारण त्यांना ते काय असतात हेच माहीत नाही. पण एकत्र होतात ते फक्त खर्च करायचे माइल्स. टिअर माइल्स ज्याचे त्याचेच. म्हणजे सासूबाईंच्या प्रवासाने माझं सिल्व्हर गोल्ड होत नाही.

खडूस_काका

बघा, मी म्हटलं ना. दोन प्रकारचे माइल्स, तीन प्रकारचे किलो. सामान्य माणसाला चक्रावण्यासाठीच ही योजना आहे.

तिकीटखिडकी

काका, चक्रावण्यात तुमचं अर्धं खरं आहे. पण अनु म्हणते ते महत्त्वाचं आहे, म्हणून नेहाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे त्यातूनच जातो. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये, म्हणजे विमान कंपन्यांच्या गटात नाही. त्यामुळे तिथल्या सिल्व्हर-गोल्डचा फायदा मुख्यतः एमिरेट्सच्याच विमानात. युनायटेड, लुफ्तान्सा, सिंगापूर, टर्किश, एअर इंडिया हे सगळे स्टार अलायन्सचे. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये आली. यातल्या कुठल्याही एका प्रोग्रॅममध्ये गोल्ड मिळालं तर बाकीच्यांच्या विमानांतही ते "स्टार गोल्ड" म्हणून ओळखलं जातं. बोर्डिंग पासवर बहुधा *G असं छापतात. त्या तारा आणि जी एवढ्यावर तीन गोष्टी मिळतात: लाउंजमध्ये स्वतः आणि त्याच प्रवासातला एक पाहुणा, रांगेत पुढचा नंबर आणि जादा सामान.

सामानाचं गणित मार्गावर ठरतं. वजनाच्या मार्गावर, समजा तिकिटात ३० किलो आहेत, तर स्टार गोल्डला आणखी २०, म्हणजे ५०. जिथे बॅगा मोजल्या जातात, म्हणजे मुख्यतः अमेरिका-कॅनडाकडे, तिथे एक जादा बॅग. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तिकिटावर कोणाचा नियम लागू, हा मोठा वादाचा विषय असतो. पण अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून येणाऱ्या प्रवासासाठी अमेरिकी सरकारचा नियम आहे: तिकिटावर ज्या कंपनीचा फ्लाइट नंबर पहिला आहे तिचे सामानाचे नियम सगळ्या प्रवासाला लागू. त्यामुळे मधल्या विमानतळावर "आमच्याकडे एकच बॅग" असं कोणी म्हटलं तर पहिल्या कंपनीचं पान उघडून दाखवा.

आता आई-बाबा या पायरीपर्यंत पोचतील का? खरं सांगतो, वर्षातून एका फेरीत नाही. मायलेजप्लसमध्ये तर टिअरसाठी खर्चाच्या हिशेबाबरोबर युनायटेडच्या किमान चार फ्लाइट्सही लागतात.

नेहा_नेपरव्हिल

म्हणजे आईचा मसाला आणि बाबांचं लाउंज दोन्ही बोंबललं.

मुग्धा_मालाड

लाउंज तुझ्या गोल्डवर मिळेल की. तू सोबत असलीस की एक पाहुणा. आईला आत घे आणि बाबांना बाहेर बसव, ते बोर्डिंग पास लावतील.

नेहा_नेपरव्हिल

😂 बाबांनी हा धागा वाचला तर आता माझंच बोर्डिंग रद्द होईल. पण खरंच, माझं युनायटेडचं गोल्ड आहे. शिकागोहून डेन्व्हरला जाताना मला युनायटेड क्लबमध्ये, म्हणजे त्यांच्याच लाउंजमध्ये घेतलं नाही. आणि माझ्याच ऑफिसमधल्या एकाला, ज्याचं गोल्ड दुसऱ्या कंपनीचं आहे, त्याला घेतलं. हे काय गौडबंगाल?

तिकीटखिडकी

नियम तसाच आहे, कोणाची चूक नाही. युनायटेड स्वतःच्या गोल्ड मेंबरला निव्वळ देशांतर्गत प्रवासात क्लब देत नाही, आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच देते. दुसऱ्या अलायन्स-भागीदाराचं गोल्ड असेल तर देशांतर्गतही प्रवेश. त्यामुळे अमेरिकेत राहणारे बरेच लोक मुद्दाम दुसऱ्या देशाच्या प्रोग्रॅममध्ये गोल्ड मिळवतात. तुमचा सहकारी तो उद्योग करत असणार.

उडतं_पाखरू

मी तोच उद्योग करतो, म्हणून लिहितो. पण त्यात एक गोम आहे. तुमचं गोल्ड एका प्रोग्रॅममध्ये आणि माइल्स दुसऱ्यात हवे असतील तर? एका फ्लाइटला एकच नंबर चालतो. काही जण चेक-इन करताना गोल्डचा नंबर ठेवतात, बॅग टाकतात, लाउंजमध्ये बसतात आणि गेटवर जाऊन नंबर बदलून घेतात. मला ते पटत नाही. एकतर गेटवरचा माणूस घाईत असतो, दुसरं, माइल्स कुठे जातील याची खात्री राहत नाही.

आणखी एक अनुभव. मी नुकताच गोल्ड झालो होतो, पण तिकीट आधीचं. बोर्डिंग पासवर *G आलाच नाही, लाउंजवाल्यांनी परत पाठवलं. कार्ड दाखवलं तरी पास बघा म्हणाले. नंतर एका जाणत्या बाईंनी सांगितलं की बुकिंगमध्ये नंबर टाकताना जी टिअर असते तीच तिथे चिकटून राहते. नंबर काढून टाकायचा, सेव्ह करायचं, पुन्हा टाकायचा, मग नवीन टिअर वाचली जाते. पुढच्या प्रवासात केलं आणि चाललं.

तिकीटखिडकी

बरोबर. आणि हे चेक-इनच्या आधी करायचं. याउलटही होतं: गोल्ड संपलेलं असतं आणि जुन्या बुकिंगवर मात्र दिसत असतं. त्याबद्दल इथे कोणी तक्रार करणार नाही.

खडूस_काका

माझे क्लब विस्ताराचे पॉइंट होते. विस्तारा बंद झाली. ते गेले ना?

पणजीकार

काका, तुमचे पॉइंट होते? टोस्टर घेणार होता की काय?

तिकीटखिडकी

गेले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या प्रोग्रॅममध्ये हलवले. त्याचं नाव तेव्हा फ्लाइंग रिटर्न्स होतं, २०२५ मध्ये महाराजा क्लब झालं. तुमचा जुना ईमेल चालू असेल तर त्यावरून खातं सापडेल. पॉइंटना मुदत असते, त्यामुळे आज रात्रीच बघा.

खडूस_काका

बघतो. (टोस्टर आहे घरात.)

वैमानिक_नसलेला

आता मला शिकवा कोणीतरी. नेहाच्या बाबांना आले असते तर किती माइल्स आले असते? म्हणजे भांडण्याइतके आहेत का?

तिकीटखिडकी

चांगला प्रश्न, यावरच सगळं अवलंबून आहे. नेहाच्या कंपन्या मला माहीत नाहीत, म्हणून समजा लुफ्तान्साचं तिकीट आहे. पहिला टप्पा मुंबई-फ्रँकफर्ट लुफ्तान्साच्या विमानाने, दुसरा फ्रँकफर्ट-शिकागो युनायटेडच्या विमानाने. हवाई अंतर अंदाजे ४१०० आणि ४३०० मैल. युनायटेडने स्वतः काढून दिलेलं तिकीट असतं तर किमतीवर माइल्स मिळाले असते. पण भागीदाराच्या तिकिटावर अंतर गुणिले टक्के असा हिशेब असतो, आणि टक्के ठरतात तिकिटाच्या वर्गाच्या अक्षरावरून. इकॉनॉमीमध्येच डझनभर अक्षरं असतात. वरच्या अक्षरांना पूर्ण १०० टक्के, मधल्यांना अर्धे, स्वस्तातल्यांना पाव, काहींना शून्य. दुसऱ्या टप्प्याचं अक्षर ५० टक्केवालं निघालं तर साधारण २१५०, २५ टक्केवालं निघालं तर त्याच्या निम्मे.

हे अक्षर बोर्डिंग पासवर शोधू नका. पासवर अनेकदा फक्त Y असतं, त्याचा अर्थ इकॉनॉमीची केबिन एवढाच. खरं अक्षर ईमेलने आलेल्या ई-तिकिटाच्या पावतीवर प्रत्येक टप्प्यापुढे असतं. मी काउंटरवर बघतो, लोक Y बघून "मला पूर्ण माइल्स हवेत" म्हणून वाद घालतात आणि पावतीवर असतो K.

नेहा_नेपरव्हिल

बघितलं. दोन्ही टप्प्यांपुढे L आहे. ☹️ आणि तिकिटाचा नंबर १३ आकडी आहे, सुरुवात २२० ने.

तिकीटखिडकी

२२० म्हणजे लुफ्तान्साने दिलेलं तिकीट. पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: ०१६ युनायटेड, ०९८ एअर इंडिया, १७६ एमिरेट्स. म्हणजे माझं उदाहरण अगदीच हवेत गेलं नाही. L हे स्वस्तातलं अक्षर, फार अपेक्षा ठेवू नका. मायलेजप्लसच्या साइटवर भागीदार कंपनीचा तक्ता असतो. त्यात विमान कोणी चालवलं ते निवडा आणि L समोर काय लिहिलंय ते आधी वाचा. तिथे शून्य असेल तर क्लेम करून हाती काही लागणार नाही.

शून्य नसेल तर पुढे असं: मायलेजप्लसमध्ये बाबांच्या खात्यातून लॉगिन करून राहिलेल्या माइल्सचा अर्ज उघडा. तिकीट क्रमांक, तारीख, फ्लाइट नंबर. नंबर टाकताना इथेच बऱ्याच जणांचं चुकतं: तिकिटावर एका कंपनीचा फ्लाइट नंबर असतो आणि विमान चालवते दुसरी. एक नंबर टाकून "फ्लाइट सापडली नाही" आलं तर दुसरा टाकून बघा. हे दोन्ही नंबर बहुधा बोर्डिंग पासवर असतात. युनायटेडची मुदत प्रवासापासून १२ महिने आहे. लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअर किंवा सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये हेच सहा महिने असतं, म्हणून बाकी वाचकांनी घाई करा.

बाबांची डायरी तोपर्यंत बंद करू नका. आपोआप जुळलं नाही तर बोर्डिंग पासचे फोटो मागतात.

उडतं_पाखरू

ज्यांचे बाबा डायरी ठेवत नाहीत त्यांच्यासाठी: पास हरवला तर कंपनीकडून प्रवास केल्याचं पत्र मिळतं. वेळ लागतो, पण मिळतं.

अश्विनी_औंध

मला थोडं वेगळं विचारायचंय. आमची पहिली फ्लाइट उशिरा पोचली, पुढची चुकली. कंपनीने दुसऱ्याच अलायन्सच्या विमानात बसवून घरी पाठवलं. त्या टप्प्याचे माइल्स आलेच नाहीत. नव्या कंपनीत माझं खातं नाही, जुनी म्हणते तुम्ही आमच्या विमानात बसलाच नाहीत. आता?

तिकीटखिडकी

जुन्याच कंपनीकडे "ओरिजिनल रूटिंग क्रेडिट" मागा. याच शब्दांत. म्हणजे तुम्ही ज्या मूळ तिकिटाचे पैसे दिले त्यातले टप्पे तुम्ही उडालात असं धरून माइल्स द्या. बऱ्याच कंपन्या देतात, कारण बदल त्यांच्यामुळे झाला. ऑनलाइन अर्ज त्यासाठी चालत नाही, कारण तिथे न उडालेली फ्लाइट सापडणारच नाही. ग्राहक सेवेला लिहावं लागतं, मूळ आणि नवं अशा दोन्ही तिकिटांच्या पावत्या जोडून. तुमच्या कंपनीने द्यायचं नाकारलं तर मात्र माझ्याकडे पुढचा उपाय नाही.

मुग्धा_मालाड

आणि लग्नानंतर बदललेल्या नावाचं? माझं माहेरच्या नावाचं खातं आहे, त्यात बरेच पॉइंट आहेत. सासरच्या नावाने नवीन खातं उघडून जुनं त्यात मिसळता येतं का?

तिकीटखिडकी

दुसरं खातं उघडू नका, बहुतेक प्रोग्रॅम एका माणसाला एकच खातं देतात आणि दुसरं सापडलं तर अडचण होते. जुन्याचंच नाव बदला, विवाह प्रमाणपत्र किंवा दोन्ही पासपोर्टच्या प्रती लावून. पुढचं तिकीट नाव बदलल्याशिवाय काढू नका.

वैमानिक_नसलेला

मग मला असं विचारायचंय, आई-बाबांसारख्यांनी कुठला प्रोग्रॅम घ्यावा? मायलेजप्लस की महाराजा क्लब? मला वाटतं ते कधी एअर इंडियाने येतात, कधी आणखी कोणाने, तर आपल्या देशाचा घ्यावा.

उडतं_पाखरू

माझं मत मायलेजप्लस. त्याचे माइल्स संपत नाहीत. दोन-तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या माणसाचे माइल्स संपले तर साठवून काय उपयोग? माइल्स अँड मोअरचे, टिअर नसेल तर ३६ महिन्यांत जातात.

अनु_दुबई

पण त्यांना भारतात आतल्या आत फिरायचं असेल तर? पुणे-दिल्ली, मुलाकडे बंगळुरूला. तिथे एअर इंडियाचे पॉइंट वापरायला सोपे पडतात. संपत नाहीत म्हणून जपून ठेवायचे आणि वापरायला अडचण, हा कुठला शहाणपणा?

उडतं_पाखरू

भारतातल्या एअर इंडियाच्या फ्लाइट मायलेजप्लसच्या माइल्सनेही काढता येतात हो.

अनु_दुबई

येतात, जागा मिळाली तर. तुम्ही दिवाळीच्या आठवड्यात बघा आणि मग सांगा.

तिकीटखिडकी

यात मी पडत नाही, दोघांचंही बरोबर आहे. फक्त एक लक्षात ठेवा, प्रत्येक फेरीला वेगळ्या प्रोग्रॅममध्ये टाकत गेलात तर कुठेच काही जमणार नाही. आणि माइल्स वापरून बक्षीस तिकीट काढलं तरी बुकिंगमध्ये नंबर ठेवा. त्या प्रवासाचे माइल्स मिळत नाहीत, पण तुमची टिअर असेल तर बॅग आणि लाउंज मिळतं.

नेहा_नेपरव्हिल

अपडेट. तक्त्यात L समोर शून्य नव्हतं, पण फार काही नाही. बाबांचा क्लेम टाकला, तिकिटावरच्या फ्लाइट नंबरने "सापडली नाही" आलं, विमान चालवणाऱ्या कंपनीच्या नंबरने लगेच घेतला. आईच्या नावाचा अर्ज पासपोर्टची प्रत लावून गेलाय, त्याचं उत्तर आल्यावर तिचे दोन्ही टप्पे टाकेन.

परतीच्या प्रवासाचं मात्र आत्ताच बघून ठेवलं. दुसऱ्या कंपनीचा PNR पहिल्या कंपनीच्या साइटवर नव्हता, फोनवर मिळाला. बाबांचा नंबर तिथेही नव्हता, टाकला. सेव्ह केल्यावर पडद्यावर दिसला. त्याचा स्क्रीनशॉट बाबांनी मागितलाय, छापून डायरीत लावायला.

मुग्धा_मालाड

आणि मसाला?

नेहा_नेपरव्हिल

दोन बॅगांमध्येच बसवायचा आहे. इथून जाताना रिकाम्या बॅगा घेऊन जाणार नाहीत म्हणे, बदाम-पिस्ते आणि नातवंडांचे लहान झालेले कपडे नेणार. २३ किलोचा काटा आत्तापासून हॉलमध्ये काढून ठेवलाय.

खडूस_काका

खातं सापडलं. ईमेल बंद होता, मुलाच्या फोनवरून नंबर टाकून पासवर्ड बदलला. पॉइंट आहेत, पण काही महिन्यांत मुदत संपतेय. मुंबई-नागपूरला पुरतील का कोणाला माहीत आहे? आणि बायकोसाठी तिकीट माझ्या पॉइंटने काढलं तर नाव कोणाचं टाकायचं, तिचं ना?

तिकीटखिडकी

प्रवास कोण करणार आहे, काका?

खडूस_काका

ती. मी घरी टोस्ट खाणार.